दहा किलोवॅट आणि चाळीस किलोवॅट: तुलना कशी करायची

तुमच्या मुलुंडच्या सोसायटीचा सोलर प्लांट १० किलोवॅटचा, मेहुण्यांच्या बोरिवलीच्या इमारतीचा ४०चा. त्यांचे युनिट जास्त येणारच, त्यावरून खट्टू होऊ नका.

आधी वर्षाचे युनिट पॅनेलच्या एकूण किलोवॅटने भागा. समजा तुमचे १३,८०० युनिट झाले, म्हणजे किलोवॅटमागे १,३८०. त्यांचे ५०,००० असतील तर १,२५०. हीच स्पेसिफिक यील्ड, आणि इथे तुमचा प्लांट पुढे आहे. या आकड्याला वर्षाच्या ८,७६० तासांनी भागलं की सीयूएफ, म्हणजे वर्षभरात पूर्ण क्षमतेच्या किती टक्के वीज मिळाली तो आकडा, मिळतो: तुमचा १५.८ टक्के, त्यांचा १४.३.

नवे लोक हमखास फसतात ते भाजकात. त्यांचा इन्व्हर्टर ३३ किलोवॅटचा असेल आणि कोणी ५०,००० युनिटना त्याने भागलं, तर तोच सीयूएफ १७.३ टक्के दिसतो! छतावर एक पॅनेलही वाढलेलं नसतं. म्हणून टक्केवारी ऐकली की पहिला प्रश्न हाच विचारा: पॅनेलची क्षमता धरली की इन्व्हर्टरची? तुम्ही दोन्हीकडे पॅनेलचीच धरा.

युनिट जनरेशन मीटरवरून घ्या. बिलातल्या एक्स्पोर्टमध्ये, म्हणजे ग्रिडला दिलेल्या युनिटमध्ये, लिफ्ट-पंपाने दिवसा वापरलेली वीज येतच नाही.

आणि तुलना सलग बारा महिन्यांची करा. त्यांचा एप्रिल आणि तुमचा जुलै शेजारी ठेवलात तर तुम्ही फक्त पाऊस मोजाल. तरीही फरक राहिला, तर दुपारी चारला गच्चीवर जा आणि पाण्याच्या टाकीची सावली कुठवर येते ते बघा.