भाषांतरात इमोजीचं काय होतं?

प्रश्न: भाषांतर करणारं मशीन वाक्यातल्या इमोजीचं काय करतं? अर्थ का बदलतो?

बहुतेक वेळा जसाच्या तसा उचलून पलीकडे ठेवतं. वाक्याच्या शेवटी असेल तर निभावतं. शब्दाची जागा घेतली असेल तर गाडी अडते. ‘I ❤️ Pune’ घ्या. इथे ❤️ हे क्रियापद आहे. नुसतं उचललं तर ‘मी ❤️ पुणे’ असं लंगडं वाक्य हाती येतं. मराठीत ‘आवडणे’ आलं की ‘मी’चं ‘मला’ होतं: ‘मला पुणे आवडतं’. इमोजीला ना काळ, ना लिंग, ना प्रत्यय.

दुसरी भानगड वाचणाऱ्याकडे. आपलं साधं हसू 🙂 चीनमधल्या अनेक तरुणांना तुसडं, टोमणा मारल्यासारखं वाटतं. शब्दांचं भाषांतर बरोबर, सूर मात्र गेला! म्हणून तिकडे लिहिताना मी ते काढूनच टाकतो.