एक रात्र जाऊ दे

चि. पोरी,

काल तू दुकानात आलीस, स्टूल ओढून बसलीस आणि काही न बोलता मोबाईल माझ्यापुढे धरलास. मी चष्मा शोधेपर्यंत तुला धीर नव्हता. "काका, चुकलं काय माझं? पैसे आमचे, काम आमचं, आणि ऐकून घ्यायचं पण आम्हीच?" चहा न घेताच गेलीस, म्हणून लिहितोय.

पैसे तुझे आहेत, यात वादच नाही. दोन लाख छत्तीस हजारांचं बिल सत्तर दिवस पडून आहे. जीएसटी तू खिशातून भरून मोकळी झालीस. तुझी लघुउद्योगाची उद्यम नोंदणी आहे, म्हणजे कायद्याने पंचेचाळीस दिवसांच्या आत पैसे यायला हवे होते. एवढं सगळं तुझ्या बाजूने असताना तू शनिवारी रात्री सव्वाअकराला त्या परचेस ऑफिसरला मेसेज टाकलास, तोही त्यांच्या सप्लायर ग्रुपवर. त्यात त्याचा मालक आहे आणि बेळगावच्या उद्यमबागेतले आणखी आठ-दहा जण आहेत.

मेसेज मी तीनदा वाचला. पहिली ओळ तू मुद्दाम कन्नडमध्ये लिहिलीस, त्याला नीट झोंबावी म्हणून. "रोक्क यावाग कोडतीया?" अगं, कोडतीया, म्हणजे "देतोस"! रोज त्याच्याशी बोलताना तू "कोडतीरी" म्हणतेस. त्या एका "री"मध्ये आपल्याकडची सगळी रीत असते. ती गळली की पन्नाशीच्या माणसाला तू अरे-तुरे केलेलं असतं, आणि तेही मराठी पोरीनं, चारचौघांत. तुझ्या मनात तसं नव्हतं, हे मला ठाऊक आहे. रागात माणसाचं व्याकरण आधी जातं, आणि दुसऱ्याच्या भाषेतलं तर पहिल्यांदा.

पुढे "फसवे लोक" आलं, "लाज" आली, आणि "सोमवारपासून एक नग पाठवणार नाही" हेही आलं. सोमवारी तू माल पाठवलास. पाठवावाच लागला, कारण त्यांच्या कास्टिंगवर तुझी दोन मशीन चालतात. आता पुढच्या वेळी तू खरंच थांबवीन म्हणालीस तरी तो हसेल.

त्याचं उत्तर आठव. त्याने पैशांचा शब्द काढला नाही. "आधी बोलायला शिका, आणि तुमचे मागच्या लॉटमधले अठरा रिजेक्ट नग बघा." झालं. विषय तुझ्या बिलावरून तुझ्या तोंडावर आणि तुझ्या मालावर गेला. मालक बघत असताना तो "हो, उशीर झाला" म्हणणार तरी कसा? एकट्याला लिहिलं असतंस, तर कदाचित म्हणाला असता. दहा मिनिटांनी तू मेसेज डिलीट केलास. तो गेला, पण डिलीट केल्याची खूण तिथेच राहिली, आणि तोवर कुणीतरी स्क्रीनशॉट काढलेला असतोच; काल तू मला पाठवलास, तोही स्क्रीनशॉटच.

एक रात्र जाऊ द्यायची होतीस, पोरी. एकच.

हे मी कुठल्या तोंडाने सांगतो, तेही ऐक. तुझा जन्म व्हायच्या आधीची गोष्ट. निपाणीपलीकडच्या एका पार्टीचं काम माझ्याकडे नऊ वर्षं होतं. एका लॉटमध्ये ब्लोहोल निघाले. वरून नग गुळगुळीत, पण लेथवर दोन मिलिमीटर कट घेतला की आत भोक. ती चूक ओतणाऱ्याची, कातणाऱ्याची नव्हे. तरी त्यांनी डेबिट नोट पाठवून माझी मजुरी कापली. मी त्याच संध्याकाळी पत्र लिहिलं, शेवटी "ही चोरी आहे" असं लिहिलं, आणि रात्रीच्या एस.टी.च्या कंडक्टरच्या हातात पाकीट दिलं. टपालाने धाडलं असतं, तर सकाळी पेटीत टाकायला जाताना तरी हात थांबला असता.

चौथ्या दिवशी कापलेल्या रकमेचा चेक आला, पैसा न् पैसा. त्यानंतर त्यांचं एकही कास्टिंग माझ्या दारात आलं नाही. पुढे कळलं की कपात त्यांच्या हिशेबनिसाने परस्पर केली होती, म्हाताऱ्या मालकाला पत्ताच नव्हता. माझ्या पहिल्या मशीनच्या कर्जाला जामीन राहिलेला माणूस तो, आणि मी त्याला चोर म्हटलं. पण माझं म्हणणं खरं होतं. आजही खरं आहे. ब्लोहोलची मजुरी कातणाऱ्याने का सोसायची? कुणीही सांगावं मला! असो. बघ, अजून चढतं.

तर एक रात्र. लिहायचं नाही असं मी म्हणत नाही. लिही, पोटातलं सगळं लिही, पण त्या माणसाच्या चॅटमध्ये नको. वहीत लिही, किंवा स्वतःच्याच नंबरवर पाठव. ईमेल असेल तर "To"ची जागा रिकामी ठेव. तिथे त्याचं नाव बसलेलं असलं की अंगठा कधी घसरेल, नेम नाही.

सकाळी चहा झाल्यावर तेच परत वाच, आणि ज्या ज्या वाक्यात तो माणूस कसा आहे हे लिहिलंय, ते खोड. ज्यात तारीख, रक्कम किंवा मागणी आहे, ते ठेव. तुझा मेसेज काल रात्री मी असाच कागदावर उतरवून खोडला. बारा ओळींतली एक उरली, आणि तिच्यातही बिल नंबर नव्हता! सत्तर दिवस अडकलेल्या बिलाचा नंबरच नाही. त्याने शोधायचं काय?

आता उलटी चूक करू नकोस. नरम करायचं म्हणून "जमलं तर बघा, गडबड नाही" असं लिहिशील, तर आणखी सत्तर दिवस जातील. नरम करायचे ते शब्द, तारीख नव्हे. आणि थांबायचं ते एक रात्र, महिनाभर नाही. तू दोन महिने गप्प बसलीस आणि मग फुटलीस. पंचेचाळिसाव्या दिवशीच चार ओळी गेल्या असत्या, तर राग साठायला जागाच नव्हती.

मी लिहिलं असतं ते असं, त्याला एकट्याला, कामाच्या दिवशी साडेदहाच्या सुमारास: "नमस्कार्री सर. शनिवारी ग्रुपवर मी जे लिहिलं, ते तसं लिहायला नको होतं. बिल नंबर अमुक, रुपये २,३६,०००, आज सत्तर दिवस झाले. तपासणीत किंवा अकाउंट्समध्ये कुठे अडकलं असेल तर सांगा, कागद मी आणून देते. अठरा नग बघायला मी बुधवारी येते. येत्या शुक्रवारपर्यंत रक्कम जमा व्हावी."

"अडकलं असेल तर" हे शब्द काढू नकोस. त्याला मागे यायला तेवढी फट लागते. खरंच अडकलंय की त्यानेच दाबून ठेवलंय, हे शुक्रवारी कळेलच. नाहीच आले पैसे, तर पंचेचाळीस दिवसांचा कायदा आहे, व्याजही आहे. तेव्हा तक्रारीसोबत हा मेसेज जोडता येईल. शनिवारचा जोडवला असता का?

बुधवारी जाताना मला घेऊन जा. त्या अठरा नगांत ब्लोहोल आहेत की तुझं टूल घासलंय, ते तिथेच बघून घेऊ. मी बोलणार नाही, भिंग घेऊन बसेन. आणि कुंद्याचा डबा नेऊ नकोस, तुझ्या आईला तसं सुचेल. पैसे आल्यावर ने.

तुझा,
काका