एल्यूसिसच्या गुप्त दीक्षेबद्दल नक्की काय माहीत आहे?

प्रश्न: प्राचीन ग्रीसमधल्या एल्यूसिसच्या दीक्षाविधीत आत नेमकं काय व्हायचं? हे खरंच कळलंय की सगळे अंदाजच?

उत्तर: दारापर्यंतचं बरंच कळलंय, दारामागचं फार थोडं. गुप्तता मुख्यतः एल्यूसिसच्या सभागृहातल्या विधींची होती, बाकी बरंचसं अथेन्ससमोर उघड चालायचं. साधारण सप्टेंबरात दीक्षार्थी डुकराचं पिल्लू घेऊन समुद्रात स्नान करत, ते बळी देत आणि मग सुमारे २० किलोमीटर मिरवणुकीने एल्यूसिसला जात. उपास सोडायचं पेय म्हणजे जव, पाणी आणि पुदिन्याच्या जातीची एक वनस्पती. हा विधी जिच्यासाठी होता, त्या देमेतेर या धान्यदेवीच्या जुन्या स्तोत्रातच ही कृती आहे.

आतली खोली उत्खननात सापडली आहे: सुमारे ५० मीटर लांबी-रुंदीचं, खांबांनी भरलेलं सभागृह, भिंतींलगत पायऱ्या. म्हणजे हजारो लोक एकत्र काहीतरी पाहत असणार. पण काय? इथे मुख्य साक्षीदार दोन, दोघेही ख्रिस्ती लेखक आणि या विधीचे विरोधक. क्लेमेंट परवलीचे शब्द देतो: ‘उपास केला, पेय प्यालो, पेटीतून घेतलं...’ वस्तूचं नाव मात्र नाही. हिप्पोलिटस म्हणतो, शांततेत कापलेलं कणीस दाखवत. देवी धान्याची, त्यामुळे हे पटतं. पण ही माहिती त्याने एका ख्रिस्ती पंथाच्या लिखाणातून उचललेली, म्हणून मी ती ‘शक्य’ एवढ्यावरच ठेवेन.

पेयात धान्यावर वाढणाऱ्या अर्गट बुरशीची नशा होती, हा १९७८चा सिद्धांत लोकप्रिय आहे, पण एल्यूसिसमध्ये त्याचा भौतिक पुरावा मिळालेला नाही.