एसआयपीला वर्ष झालं म्हणजे एक्झिट लोड सुटला का?

"फ्लेक्सी कॅप आणि ईएलएसएस, दोन्हीत एसआयपी सुरू करून १४ महिने झाले. आता सगळे पैसे काढले तर एक्झिट लोड लागेल का, की वर्ष झालं म्हणून सुटलो?"

सुटला नाहीत, पण लोड, म्हणजे ठरल्या मुदतीआधी काढलं तर फंड कापून घेतो ती रक्कम, एवढा मनावर घेऊ नका. आमच्या दादाने घेतला होता, म्हणून हे लिहायला बसलो.

त्याची फ्लेक्सी कॅपमध्ये दरमहा ५ तारखेला १०,००० ची एसआयपी, जून २०२३ पासून. नोव्हेंबर २०२४ च्या शेवटी पुतणीच्या फीसाठी एक लाख हवे होते. फंडात त्याहून बरेच जास्त होते. पण एजंटने कानात सांगितलेलं, "दर हप्त्याचं वर्ष वेगळं मोजतात, आता काढलेत तर लोड बसेल." दादाने ते ऐकलं आणि पतसंस्थेतून १४ टक्क्यांनी लाखाचं कर्ज उचललं. मी म्हटलं, आधी हिशेब तर कर. "तुला काय कळतंय, लोड म्हणजे दंड. भरायचा कशाला?"

एजंट खोटं बोलला नव्हता. प्रत्येक हप्त्याचं घड्याळ वेगळंच असतं. पण काढताना सगळ्यात जुनी युनिट्स आधी निघतात, हे त्याने सांगितलंच नाही. दादाचे जून ते नोव्हेंबर २०२३ चे सहा हप्ते तोवर वर्ष ओलांडून गेले होते. घातलेले ६०,०००, किंमत झालेली साधारण ७२,०००. त्यावर लोड शून्य. उरलेले २८,००० डिसेंबर २०२३ आणि त्यापुढच्या हप्त्यांतून निघाले असते, त्यावर १ टक्का म्हणजे २८० रुपये.

करही सांगतो, कारण तिथे लोक फसतात. लोड काढलेल्या पूर्ण रकमेवर लागतो, कर फक्त नफ्यावर. जुन्या युनिट्सवरचा १२,००० चा नफा दीर्घ मुदतीचा, आणि इक्विटीत वर्षाला सव्वा लाखापर्यंत तो करमुक्त. नव्या २८,००० मध्ये नफा साधारण ३,०००, तो अल्प मुदतीचा, २० टक्क्यांनी ६०० रुपये. म्हणजे ज्या लोडला तो घाबरत होता त्याच्या दुप्पट तर कर होता, आणि दोन्ही मिळून हजाराच्या आत. पतसंस्थेचं व्याज वर्षभराच्या हप्त्यांत साडेसात हजारांच्या वर गेलं, संस्थेने सभासदाच्या शेअर्सपोटी कापले ते वेगळेच. अगदी लोड वाचवायचाच होता तर ७२,००० फंडातून काढून फक्त २८,००० उसने घ्यायचे. तेवढे मीच दिले असते.

"पण पैसे फंडात राहिले, वाढले ना!" हे तो दर दिवाळीला ऐकवतो. वाढले असतील. पण बाजार १४ टक्क्यांच्या वर देईलच असं धरून कर्ज काढणं हा जुगार आहे, लोड वाचवणं नव्हे. आणि लोड कंपनीच्या खिशात जातो हेही त्याच्या डोक्यातून जात नाही. २०१२ पासून ती रक्कम योजनेतच परत जमा होते, म्हणजे मागे थांबलेल्या गुंतवणूकदारांना मिळते.

तुमच्याकडे येतो. फ्लेक्सी कॅपचे सुरुवातीचे दोन-तीन हप्ते मोकळे असतील, बाकीच्यांवर लोड. सगळंच काढायचं असेल तर आधी एसआयपी थांबवा, त्याला लोड नाही. नाहीतर दर महिन्याला एक नवं घड्याळ सुरू होत राहतं. स्टेटमेंटमध्ये प्रत्येक खरेदीची तारीख आणि युनिट्स असतात, तिथून वर्ष मोजा. दुसऱ्या योजनेत स्विच करून वाचू असं वाटत असेल तर नाही, स्विच म्हणजे काढणंच. लोडही लागतो, करही.

ईएलएसएसचं मात्र विसरा. तिथे लोडचा प्रश्नच नाही, प्रत्येक हप्ता तीन वर्षं बंद. दवाखाना असो की लग्न, निघत नाही. पहिला हप्ता ३६ महिन्यांनी सुटेल, शेवटचा त्याच्या तारखेपासून तीन वर्षांनी. गुंतवणूकदार वारला तर वारसाला खरेदीपासून एक वर्षानंतर काढता येतात, एवढीच सवलत. नवी करप्रणाली घेतली असेल तर ८०सी ची वजावटही नाही, मग तो फंड चालू का ठेवलाय ते बघा.

हो, १ टक्का आणि एक वर्ष हे सगळीकडे नसतं. काही फंड पहिल्या वर्षी २ आणि दुसऱ्या वर्षी १ टक्का घेतात, काही दहा टक्के युनिट्स वर्षाच्या आतही बिनलोड देतात. युनिट घेतलं त्या दिवशी जो नियम होता तोच लागू होतो, नंतर बदलला तरी. तुमच्या योजनेच्या माहितीपत्रकात एक्झिट लोडची ओळ वाचा, आणि पैसे लगेच हवे असतील तर खरी तुलना कर्जाच्या व्याजाशी करा. गरज नसेल तर काढताय कशाला, हे तुम्ही लिहिलेलं नाही.