कडेवरची अक्षरं

प्रश्न: "मी हिंजवडीत नोकरी करतो. माझं इंग्रजी व्याकरण चांगलं आहे, मुद्दाम सावकाशही बोलतो. तरी अमेरिकेतला क्लायंट म्हणतो, 'जरा हळू बोल.' परवा तर मी 'हो' म्हणालो, त्याला 'नाही' ऐकू आलं. एक मित्र म्हणाला, मराठी सिलॅबल-टाइम्ड आणि इंग्रजी स्ट्रेस-टाइम्ड, म्हणून असं होतं. हे काय प्रकरण आहे? मराठीत याला काय म्हणतात?"

आधी शब्दांचं उरकून टाकू. सिलॅबलला आपल्या छंदःशास्त्रात 'अक्षर' हा शब्द आहेच (इथे मात्र लिहिलेली अक्षरं मोजायची नाहीत, उच्चारातली मोजायची). स्ट्रेसला, म्हणजे एखाद्या अक्षरावर दिलेल्या जोराला, भाषाविज्ञानाच्या पुस्तकांत 'आघात' किंवा 'बलाघात' म्हणतात. तेव्हा मी 'अक्षरताल' आणि 'आघातताल' असे शब्द वापरतो. 'समयबद्ध' वगैरे जोडून केलेले लांबलचक शब्दही दिसतात, पण ते रेल्वेच्या वेळापत्रकासारखे वाटतात.

आता प्रकरण. 'सिलॅबल-टाइम्ड' आणि 'स्ट्रेस-टाइम्ड' हे दोन शब्द केनेथ पाइक या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञाने १९४५ मध्ये रूढ केले. त्याच्या थोडं आधी, १९४० मध्ये, आर्थर लॉइड जेम्सने हीच गोष्ट उपमेने सांगितली होती: काही भाषा मशीनगनसारख्या चालतात, इंग्रजी तारयंत्राच्या कडकट्टसारखी. कल्पना अशी की इंग्रजीत दोन आघातांमधलं अंतर सारखं राहतं, मध्ये कितीही अक्षरं येवोत. अक्षरतालाच्या भाषेत प्रत्येक अक्षराला सारखा वेळ मिळतो.

उदाहरण घेऊ. आप्पा बळवंत चौकात टॉम नावाचा एक इसम पुस्तकं विकतो असं धरा. 'टॉम सोल्ड बुक्स', तीन अक्षरं. 'टॉम हॅज सोल्ड द बुक्स', पाच. 'टॉम वुड हॅव सोल्ड हर द बुक्स', सात. टेबलावर बोट वाजवत म्हणा. तिन्ही वाक्यांत ठोके तीनच: टॉम, सोल्ड, बुक्स. बाकीची सगळी पोरं कोणाच्या ना कोणाच्या कडेवर बसून जातात, त्यांचं वेगळं तिकीट नाही. 'वुड हॅव' तर इंग्रजाच्या तोंडून 'वुडव्ह' किंवा नुसतं 'डव्ह' असं येतं.

मराठीत हेच करून बघा. 'रामने पुस्तकं विकली', उच्चारात सात अक्षरं: राम्-ने पुस्-त-कं विक्-ली. 'रामने तिला ती पुस्तकं विकली असती', बारा. वाढलेल्या पाच अक्षरांनी आपापली पाच तिकिटं काढली, वाक्य तेवढं लांबलं. 'तिला'मधला 'ला' कोणी गिळत नाही.

इथवर मित्राचं बरोबर आहे. गंमत अशी की लोकांनी यंत्रावर मोजून पाहिलं तेव्हा आघातांमधली अंतरं मुळीच सारखी निघाली नाहीत. पीटर रोच यांनी १९८२ मध्ये हे दाखवलं. इंग्रजीतही वाक्यात अक्षरं वाढली की वेळ वाढतोच, फक्त मराठीइतका वाढत नाही. पुढच्याच वर्षी रेबेका डॉवर यांनी ताल घड्याळात शोधायचा सोडून भाषेच्या बांधणीत शोधला, आणि मला त्यांचं म्हणणं सगळ्यात पटतं: इंग्रजीत आघात नसलेल्या अक्षराचा स्वर झिजतो, आणि त्या झिजण्यामुळे कानाला ठोके जाणवतात. अक्षरतालाच्या भाषांत स्वर आपली जागा धरून असतो. म्हणजे घड्याळ दुय्यम. स्वर झिजतो की नाही, हा मुख्य मुद्दा.

आणि मराठी काही मशीनगन नाही, हे आपल्याच लोकांना सांगावं लागतं. आपल्याकडे लघु आणि गुरू आहेत. भुजंगप्रयात लगागा लगागा चालतो तो त्याच जोरावर. पण 'गुरू' हे अक्षराच्या अंगचं वजन आहे, त्या वेळी बोलणाऱ्याने दिलेला जोर नव्हे. मराठीत स्वर झिजतात तेही नेमानं: 'कापूस'चं 'कापसाचा' होताना ऊ गेला, 'उंदीर'चं 'उंदराला' होताना ई गेली. हे व्याकरणात बसतं, लिहितानाही दिसतं. इंग्रजीत मात्र तोच शब्द त्याच माणसाच्या तोंडी एका वाक्यात अख्खा असतो आणि पुढच्या वाक्यात त्याचा भुगा होतो, आणि लिहिताना दोन्हीकडे तोच.

तुमच्या 'हो'चं 'नाही' झालं ते याच भुग्यात. वाक्य मला माहीत नाही, पण पैज लावतो की त्यात 'कॅन' होतं. कारण माझंही अगदी तसंच झालं होतं. एका कंपनीत दस्तऐवज लिहायचं काम करत होतो. फोनवर म्हणालो, "वी कॅन सेंड यू द रिपोर्ट ऑन मंडे." पलीकडची बाई थंडपणे म्हणाली, "मग कधी पाठवणार?" मी तीनदा 'कॅन, कॅन' म्हणालो, दर वेळी जास्त ठासून, आणि दर वेळी तिच्यासाठी ते जास्तच 'नाही' होत गेलं. शेवटी आमच्या मॅनेजरने मेल केली.

आत काय घडतं ते बघा. या वाक्यात दहा अक्षरं आहेत. तिच्या बोलण्यात ठोके तीन पडले असते: 'सेंड', 'रिपोर्ट'मधला 'पोर्ट' आणि 'मंडे'मधला 'मन'. 'कॅन' हा मदतनीस शब्द, त्याला ठोका नाही, म्हणून त्याचा स्वर झिजून 'कन्' होतो, तोही अर्धामुर्धा. 'कान्ट'मध्ये मात्र नकार असतो म्हणून स्वर कधीच झिजत नाही. अमेरिकी माणूस त्याला 'कॅन्ट' म्हणतो आणि शेवटचा ट् बहुधा सोडतच नाही, जीभ तिथे टेकवतो आणि पुढे जातो. म्हणजे तिच्या कानाने हो-नाही ओळखायचं ते ट् वरून नव्हे, स्वरावरून. झिजका स्वर म्हणजे होकार, भरदार 'ॲ' म्हणजे नकार. मी भरदार 'कॅन' देत होतो. तिने इमानदारीत नकार ऐकला.

यात आपला कान फसतो त्याला कारण आहे. मराठीत नकाराला अख्खं 'नाही' मिळतं, 'पाठवू शकत नाही' असं शेवटी ठणठणीत उभं. नकार एका स्वराच्या जाडीवर लटकत असेल हे आपल्या मनातही येत नाही. इंग्लंडचा माणूस 'कान्ट' असा दीर्घ आ काढतो, त्यामुळे तिथे हा घोटाळा कमी होतो.

राहिलं 'जरा हळू बोल'. ॲन कटलर आणि डेनिस नॉरिस यांनी १९८८ मध्ये दाखवलं की इंग्रजी ऐकणारा माणूस ठोक्याच्या अक्षरापाशी नवा शब्द सुरू झाला असं गृहीत धरतो, कारण इंग्रजीतले बरेच शब्द ठोक्यानेच सुरू होतात. तुम्ही दहाही अक्षरं भरदार दिलीत, तर त्याच्या कानाला दहा ठिकाणी नवा शब्द सुरू झाल्यासारखं वाटतं. त्याला उसंत मिळत नाही, आणि उसंत नाही म्हणजे 'वेग' अशी त्याची समजूत होते. तुम्ही आणखी सावकाश बोललात तर प्रत्येक अक्षर आणखी भरतं, म्हणजे दुखणं वाढतंच. ठोका चुकीच्या अक्षरावर पडला तर आणखी गोंधळ. आपण 'कॉम्पोनंट' म्हणताना पहिल्या अक्षराला तोलतो, तो 'कम्पोनंट'मधल्या 'पो'ची वाट बघत असतो. हैदराबादचे आर. के. बन्सल यांनी १९६९ मध्येच भारतीय इंग्रजी न कळण्याच्या मोठ्या कारणांत चुकीच्या जागचा आघात धरला होता. ट-ड जिभेच्या कोणत्या जागेवरून येतात यावर आपण जन्मभर वाद घालतो, तो तेवढा महत्त्वाचा नाही.

उपाय अर्धा आपल्या घरातच आहे. झिजका स्वर मराठीला परका नाही, तो आपला 'अ'. आपणही 'आणि'चं 'अन्' करतो. अडचण अशी की इंग्रजी आपण डोळ्यांनी शिकलो. शाळेत 'टू', 'फॉर', 'ऑफ', 'अँड' हे शब्द फळ्यावर एकेकटे वाचले, आणि एकेकट्या शब्दाला कोणी झिजवत नाही. तेव्हा 'कॅन'ऐवजी 'कनवटी'तला 'कन' म्हणा, 'टू'चा 'त', 'फॉर'चा 'फर', 'ऑफ'चा 'अव्ह'. मात्र वाक्याच्या शेवटी हे करू नका. 'येस, वी कॅन' मध्ये 'कॅन' अख्खाच हवा. उत्साहाच्या भरात लोक तिथेही 'कन' करतात, आणि मग ऐकणारा पुढच्या शब्दाची वाट बघत राहतो.

पडताळायचं असेल तर Praat नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे (डच भाषेत त्याचा अर्थ 'बोल'). त्यात तुमचं वाक्य ध्वनिमुद्रित करा, 'कॅन' आणि 'सेंड' निवडून लांबी बघा. माझ्यात दोन्ही जवळपास सारखे निघाले. 'कन' नीट जमला की तो 'सेंड'च्या शेजारी चिमुकला दिसतो.

सगळं बदलायच्या मागे लागू नका, असं माझं मत. बंगळूरच्या किंवा सिंगापूरच्या सहकाऱ्याला तुमची भरदार अक्षरं अडत नाहीत, उलट सोपी जातात. परदेशी लोकांनी आपसांत बोलायच्या इंग्रजीसाठी काय अत्यावश्यक, याची यादी जेनिफर जेंकिन्स यांनी २००० मध्ये केली, त्यात झिजके स्वर नाहीतच. एक गोष्ट मात्र त्यांनी ठेवली: वाक्यातला मुख्य ठोका. तो आपल्याला अवघड जातो, कारण आपलं ते काम 'च' करतो. 'मी सोमवारीच देतो' आणि 'मीच सोमवारी देतो' यात आवाज चढवायची गरज पडत नाही. इंग्रजीत 'च' नाही, मग आपण 'मंडे ओन्ली' म्हणतो आणि क्लायंटला वाटतं फक्त सोमवारीच मिळेल, इतर दिवशी नाही. तिथे 'ओन्ली' गाळा आणि 'मंडे'वर आवाज उंच न्या. मराठीत जिथे 'च' लावला असता, बहुतेक वेळा तिथेच ठोका द्यायचा असतो.