मागच्या जन्मीचं पाप आणि सातबारा

प्रश्न: आमच्या घरात मुलगा जन्मतः ऐकू न येणारा आहे, नातेवाईक मागच्या जन्मीचं पाप म्हणतात. खरंच धर्मात असं लिहिलंय का? बाकी धर्मांत काय म्हणतात?

लिहिलंय, खोटं कशाला सांगू. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात अख्खी यादीच आहे, सोनं चोरणाऱ्याची नखं खराब, दारू पिणाऱ्याचे दात काळे, घोडा चोरला तर लंगडेपण, आणि वाणी चोरली तर मुकेपण. आमच्याकडे जळगाव जिल्ह्यात बाया ओट्यावर बसून "मागला जलमनं पाप शे" म्हणतात तेव्हा त्यांनी मनू वाचलेला नसतो, पण माल तिथलाच.

पण मी तालुक्याला दिवाणी वकिली करतो, त्यामुळे माझी नजर अकराव्यावर नाही, नवव्या अध्यायावर जाते. तिथे वारसा हक्क आहे. जन्मांध, जन्मतः बहिरा, वेडा, मुका यांना वाटा नाही, आणि पुढच्याच श्लोकात म्हटलंय की त्यांना जन्मभर यथाशक्ती अन्न-वस्त्र द्यावं, न देणारा पापी. म्हणजे जेवू घाला, पण जमीन देऊ नका. याज्ञवल्क्य स्मृतीतही जवळपास हेच, आणि तिच्यावरची मिताक्षरा ही टीका पुढे इंग्रजांच्या कोर्टात आपल्याकडचा हिंदू कायदा म्हणून चालली, त्यामुळे ही नुसती पोथीतली गोष्ट राहिली नाही. 1928 च्या कायद्याने यातलं बरंच काढलं, तरी जन्मापासून वेडा किंवा मतिमंद असलेला वगळलेलाच राहिला, तो अडसर 1956 च्या हिंदू वारसा कायद्याच्या कलम 28 ने गेला. रोग, व्यंग, विकृती यावरून आता कोणालाच वारसातून काढता येत नाही.

कागदावर. शेतात काय होतं ते सांगतो (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललाय). रावेरकडचं घर, वडिलांनी स्वतः घेतलेली नऊ एकर केळी, मृत्यूपत्र नाही, आई आधीच गेलेली, तीन भाऊ. मधला जन्मतः बहिरा-मुका. शाळा नाही, पण ठिबकची नळी कुठे चोकप झाली हे त्याला सगळ्यांच्या आधी कळायचं. हिशेबाने प्रत्येकाला तीन एकर. दोघं भाऊ माझ्याकडे आले ते त्याचं हक्कसोडपत्र करायला, म्हणे "वकीलसाहेब, त्याले काय करनी जमीन, आम्ही जनमभर सांभाळू ना." मनुस्मृतीतलं अन्न-वस्त्र ते हेच! आणि एक बारीक गोष्ट बघा, मनूने असंही म्हटलंय की अशा माणसाने लग्न केलं तर त्याच्या मुलाला वाटा मिळावा. आता विचार करा, याचं लग्न चाळिशीपर्यंत का झालं नसेल. भाऊ म्हणत नशिबात नव्हतं, मी म्हणतो मुलगी बघितलीच नव्हती.

परीक्षावाली थिअरी मला याहून फार बरी वाटत नाही. देवाने आईची परीक्षा घेतली म्हणतात, मग तो पोरगा कोण, प्रश्नपत्रिका? योहानाच्या शुभवर्तमानात शिष्य येशूला विचारतात, हा जन्मांध, पाप कोणाचं, याचं का आईबापाचं? येशू म्हणतो दोघांचंही नाही. इथवर एक नंबर. पण लगेच पुढे येतं की देवाचं काम याच्यात दिसावं म्हणून, म्हणजे शिक्षा गेली तरी तो माणूस कशासाठी तरी वापरलाच गेला.

मला पटतात ते दोन दाखले. पाली संयुत्त निकायात सीवक नावाचा परिव्राजक बुद्धाला विचारतो, काही जण म्हणतात माणूस जे भोगतो ते सगळं पूर्वकर्मामुळे, तुमचं काय मत? बुद्ध कारणं मोजतो, पित्त, कफ, वात, तिन्हींचा संयोग, ऋतुबदल, हेळसांड, मार लागणं आणि आठवं कर्म. आठातलं एक. (दुसऱ्या सुत्तात मात्र प्राण्यांना छळणारा पुढच्या जन्मी रोगी होतो असंही आहे, म्हणजे तिकडेही सगळं गुळगुळीत नाही.) दुसरा कुराणातल्या ऐंशीव्या सुऱ्यातला. अंध माणूस काही विचारायला येतो, परंपरेने त्याचं नाव इब्न उम्म मकतूम, पैगंबर तेव्हा बड्या लोकांशी बोलत असतात, कपाळाला आठी घालून तोंड फिरवतात, आणि ताकीद पैगंबरांना मिळते. त्याचं अंधत्व का आलं हा विषयच निघत नाही. पुढे तोच मदिनेत अजान द्यायचा. पाप का परीक्षा हे न विचारता माणसाला त्याची जागा मिळते, ते इथे दिसतं.

त्या भावाचं हक्कसोडपत्र मी केलं नाही. त्याची पुतणी त्याच्या खुणा समजायची, तिच्यामार्फत विचारलं तर त्याने विहिरीजवळचा तुकडा बोटाने आखून दाखवला. भावांनी दुसरीकडून प्रयत्न केला, तलाठ्याकडे फक्त मोठ्याच्या नावाने एकत्र कुटुंब कर्ता, म्हणजे ए.कु.क., म्हणून फेरफार टाकला, पण नोटिशीच्या 15 दिवसांत हरकत गेली, सुनावणी झाली आणि तिघांची नावं लागली.

तुमच्या मुलाचं म्हणाल तर नातेवाइकांशी पोथीवर भांडू नका, वेळ जातो. आधी त्याची खुणांची भाषा घरात सगळ्यांनी शिका, आणि कधी वारस नोंद लागली तर सातबाऱ्यावर त्याचं नाव स्वतंत्र आहे का कोणाच्या नावापुढे ए.कु.क. लिहून आत दडवलंय ते बघा.