डिकपलिंग कपॅसिटर चिपला खेटूनच का?

प्रश्न: ट्रॅक तोच असतो, मग डिकपलिंग कपॅसिटर थोडा लांब लावला तर काय बिघडतं? गोष्टीसारखं सांगा.

उत्तर: दुरुस्तीला आलेल्या बोर्डावर कंट्रोलर चिपला अचानक लागणारा करंट जवळूनच पुरवणाऱ्या 0.1 मायक्रोफॅरड डिकपलिंग कपॅसिटरचे पॅड उखडले होते. शिकाऊ पोराने नवा कपॅसिटर 3-3 सेंटिमीटरच्या दोन वायरी लावून बाजूला जोडला. मल्टिमीटरवर 3.3 व्होल्ट स्थिर, तरी चिप मध्येच रीसेट व्हायची.

उस्तादांनी ऑसिलोस्कोपचा प्रोब थेट चिपच्या पिनांवर टेकवला. व्होल्टेज क्षणभर 2.7 पर्यंत कोसळत होतं.

"मीटर सरासरी दाखवतो रे. करंट एकदम वाढायला वायर विरोध करते, तो इंडक्टन्स. वायरीच्या दर मिलिमीटरला तो साधारण 1 नॅनोहेन्री धर. जाऊन-येऊन झाले 60. चिपने 5 नॅनोसेकंदांत 50 मिलिअँपिअर ओढले की 0.6 व्होल्ट वायरीतच गेले."

"मग मोठा कपॅसिटर लावू?"

"वायर तीच राहिली तर काय फायदा? अडवतेय ती वायर."

पोराने वायरी काढल्या आणि कपॅसिटर पॉवर व ग्राउंडच्या पिनांवरच आडवा सोल्डर केला. (पिना शेजारी होत्या हे नशीब, दर वेळी असं जमत नाही.) स्कोपवरचा खड्डा जेमतेम 0.1 व्होल्टचा उरला आणि रीसेट थांबले.